वावरात ऐकलेलं प्रिसेशन

एम.एस्सी. फिजिक्सच्या पेपरात हा प्रश्न फिरून फिरून येतो: एकसारख्या चुंबकी क्षेत्रात ठेवलेल्या स्पिन-अर्ध कणाची अपेक्षित मूल्यं वेळेनुसार कशी बदलतात, ते काढा. अकोटला मी हा भाग अनेक वर्षं शिकवतो आहे. पोरं तो नीट सोडवतात. दोन ऊर्जास्थिती घ्यायच्या, दोघींना आपापला फेज लावायचा, कंस सोडवायचे, शेवटी कोसाइन आणि साइन येतात. गुणही मिळतात. पण एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "सर, ऊर्जास्थिती तं जागची हलत नाही म्हनता. मंग फिरते काय?"

प्रश्न अगदी वर्मावर बोट ठेवणारा होता. त्याचं उत्तर फळ्यावर द्यायला पाच ओळी पुरतात, पण पटायला त्या पुरत नाहीत. आम्ही ते उत्तर पुढे एका बाटलीभर पाण्यातून काढलं, त्याची ही हकीकत.

आधी फळ्यावरचं. क्षेत्र z दिशेला आहे असं धरू. प्रोटॉनची ऊर्जा फक्त क्षेत्राच्या दिशेतल्या स्पिनवर अवलंबून असते:

H = −γ B S_z

इथे γ म्हणजे प्रोटॉनचं चुंबकत्व आणि त्याचं स्पिन यांचं गुणोत्तर. स्पिन क्षेत्राच्या दिशेत असेल किंवा बरोबर उलट असेल, तर ती ऊर्जास्थिती. तिला वेळेनुसार फक्त एक फेज लागतो आणि कोणत्याही मोजमापात तो दिसत नाही. म्हणजे त्या मुलीचं म्हणणं खरंच होतं, ऊर्जास्थितीत काहीही फिरत नाही. फिरणं सुरू होतं ते स्पिन क्षेत्राशी कोन करून उभं असतं तेव्हा. अशी स्थिती म्हणजे दोन्ही ऊर्जास्थितींचं मिश्रण. क्षेत्राशी कोन θ असेल, तर ‘वर’चा वाटा cos(θ/2) आणि ‘खाली’चा वाटा sin(θ/2). दोघांचे फेज वेगवेगळ्या गतीनं पुढे जातात, म्हणून त्यांच्यातलं अंतर वाढत जातं. आणि तेच अंतर x-y प्रतलातली दिशा ठरवतं:

⟨S_x⟩ = (ħ/2) sin θ cos ωt
⟨S_y⟩ = −(ħ/2) sin θ sin ωt
⟨S_z⟩ = (ħ/2) cos θ
ω = γB

या चार ओळींत तीन गोष्टी आहेत. ⟨S_z⟩ कायम तेवढंच राहतं. ⟨S_x⟩ आणि ⟨S_y⟩ मिळून एक बाण होतो आणि तो क्षेत्राभोवती ω गतीनं फिरतो. ऋण चिन्हाचा अर्थ असा की, प्रोटॉनच्या बाबतीत क्षेत्राच्या टोकाकडून खाली पाहिलं तर हा बाण घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरताना दिसेल. तिसरी गोष्ट पोरांच्या नजरेतून हमखास सुटते: ω मध्ये θ कुठेच नाही. कोन लहान असो की मोठा, फेरीला लागणारा वेळ तोच. कोन ठरवतो ती फक्त फिरणाऱ्या बाणाची लांबी.

वर्गात सगळ्यांना भोवरा आठवतो. कललेला भोवरा उभ्या रेषेभोवती जसा घुमतो तसंच हे, असं सांगितलं की माना डोलतात. साम्य खरंही आहे, कारण अपेक्षित मूल्यांचं समीकरण जुन्या यांत्रिकीतल्या समीकरणासारखंच निघतं:

d⟨S⟩/dt = γ ⟨S⟩ × B

इथे कुठलीही अंदाजपंचे सूट घेतलेली नाही. H मध्ये स्पिन पहिल्याच घातात आहे, म्हणून समीकरणात ⟨S⟩ शिवाय दुसरं काही शिरतच नाही. पण भोवऱ्याची बरोबरी इथेच संपते. एकेका प्रोटॉनला ‘तू x दिशेला किती?’ असं विचारलं तर तो +ħ/2 किंवा −ħ/2 एवढंच सांगतो. मधलं उत्तर कधीच देत नाही. स्टर्न आणि गेरलाख यांनी १९२२ साली चांदीच्या अणूंवर हेच पाहिलं होतं. शलाका दोन भागांत फुटली, मधे पसरली नाही. मग गुळगुळीत फिरणारा बाण कोणाचा? एकेका प्रोटॉनचा नाही, सरासरीचा. ‘पण सरासरी तर कागदावरची वस्तू’, असं त्या मुलीच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

सरासरी कागदावरची वस्तू नाही, हे दाखवता येतं, कारण पृथ्वीचं क्षेत्र आपल्याला फुकट मिळालेलं आहे. १९५४ साली पॅकार्ड आणि व्हेरियन यांनी पृथ्वीच्याच क्षेत्रात पाण्यातल्या प्रोटॉनांचं प्रिसेशन पकडल्याचं जाहीर केलं. याच पॅकार्डबरोबर १९५१ साली अल्कोहोलच्या सिग्नलवरचा गाजलेला शोधनिबंध लिहिणारे श्रीनिवास धर्मट्टी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि तिथे या विषयाचं काम उभं राहिलं. पृथ्वीचं क्षेत्र मोजायची प्रोटॉन प्रिसेशन यंत्रं जगभरच्या वेधशाळांत गेली. आपल्याकडे हे काम अलिबागच्या वेधशाळेत चालतं. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहानं कुलाब्याच्या नोंदी बिघडणार, म्हणून नानाभाई मूस यांनी ती वेधशाळा १९०४ साली अलिबागला उभी केली. विजेचा हा उपद्रव आम्हालाही पुढे भोगावा लागला.

अकोटजवळ पृथ्वीचं क्षेत्र सुमारे ४४ ते ४५ हजार नॅनोटेस्ला आहे. प्रोटॉनच्या फेऱ्या एका टेस्लाला सेकंदाला ४ कोटी २५ लाख ७७ हजार होतात. गुणाकार केला की उत्तर येतं सेकंदाला सुमारे १,९०० फेऱ्या. म्हणजे कानाला ऐकू येणारी शिट्टी. त्यासाठी प्रयोगशाळेत मोठा मॅग्नेट लागत नाही.

सामान साधं होतं. अर्ध्या लिटरची प्लॅस्टिकची बाटली, त्यात नळाचं पाणी, आणि बाटलीवर एक मिलिमीटर जाडीच्या इनॅमल तारेचे सहाशेएक वेढे. वेढे गावातल्या वाइंडिंगवाल्याकडून घालून घेतले. जिनिंगच्या आणि विहिरीवरच्या मोटरी भरण्यात त्यांचा हात बसलेला. बाटली हातात घेऊन त्यांनी विचारलं, "सर, हे कोनत्या मोटरीची कॉइल होय?" मोटर नाही, पाण्यात काय फिरतं ते ऐकायचं आहे, असं सांगितल्यावर त्यांनी पैसे तारेपुरतेच घेतले आणि वेढ्याला वेढा असा लावून दिला की पुढे कुठे तार हलली नाही.

कॉइलचा रोध चारेक ओहम भरला. ट्रॅक्टरची बारा व्होल्टची बॅटरी जोडली की तीन अँपिअर प्रवाह जातो आणि बाटलीत पृथ्वीच्या साडेतीनशे-चारशे पट क्षेत्र तयार होतं. हा प्रवाह पाच-सहा सेकंद चालू ठेवायचा, कारण पाण्यातल्या प्रोटॉनांना रांगेत यायला दोन-तीन सेकंद लागतात. रांगेत येणं म्हणजे किती? उष्णतेच्या धुमाळीत दहा कोटींमागे सहाएवढाच वरचढपणा मिळतो. ऐकायला हे काहीच नाही. पण अर्ध्या लिटर पाण्यात ३ वर २५ शून्यं एवढे प्रोटॉन असतात, त्यामुळे हा वरचढपणाही २ वर १८ शून्यं एवढा भरतो. त्यांच्या चुंबकत्वाची बेरीज कॉइलमध्ये एक-दोन मायक्रोव्होल्ट देते. तेवढा सिग्नल अॅम्प्लिफायरनं वाढवून कानापर्यंत आणता येतो.

आता प्रवाह तोडायचा, आणि तो कसा तोडतो यावर सगळं आहे. प्रवाह असताना प्रोटॉनांची बेरीज कॉइलच्या अक्षावर उभी असते. प्रवाह हळूहळू कमी केला तर एकूण क्षेत्र कॉइलच्या अक्षावरून वळत वळत पृथ्वीच्या क्षेत्राकडे जातं आणि प्रोटॉनही त्याच्यामागून वळतात. शेवटी ते पृथ्वीच्या क्षेत्रात सरळ उभे राहतात, म्हणजे θ शून्य होतो. फिरायला काही उरत नाही. म्हणून क्षेत्र एका फेरीच्या वेळेपेक्षा, म्हणजे अर्ध्या मिलिसेकंदापेक्षा, बऱ्याच कमी वेळात गेलं पाहिजे. रिलेवर सवयीनं साधा डायोड लावतात. तो प्रवाह सावकाश जिरवतो आणि इथे त्यानं शिट्टी दुबळी पडते. त्या जागी उच्च व्होल्टेजचा झेनर लावला की प्रवाह झटक्यात तुटतो, प्रोटॉन मागे कॉइलच्याच दिशेत राहतात, आणि ‘वर’ व ‘खाली’ यांचं मिश्रण तयार मिळतं. पुस्तकात ‘t = 0 ला स्थिती x दिशेत आहे’ असं अर्ध्या ओळीत लिहिलेलं असतं. ती अर्धी ओळ प्रत्यक्षात आणायला हा झेनर लागतो.

प्रयोगशाळेत मात्र काहीच ऐकू येत नाही. स्लॅबमधलं लोखंड बाटलीच्या एका टोकाला एक क्षेत्र देतं, दुसऱ्या टोकाला दुसरं. टोकाटोकांत २३-२४ नॅनोटेस्लाचा फरक असला की फेऱ्यांत सेकंदाला एकाचा फरक पडतो आणि प्रोटॉन एकमेकांच्या पुढे-मागे होऊन त्यांची बेरीज विरते. स्लॅबखाली हा फरक कितीतरी पट असतो, म्हणून शिट्टी उमटायच्या आतच संपते. एकेका जागच्या प्रोटॉनांची सरासरी तेव्हाही फिरतच असते. मरतो तो बेरजेचा बाण. ‘एकसारखं क्षेत्र’ हे प्रश्नातले दोन शब्द शोभेचे नाहीत, हे तिथे कळतं.

तेव्हा रात्री एका विद्यार्थ्याच्या वावरात गेलो. गावापासून दूर, धुऱ्यावर टिनाचं शेड नाही, तारेचं कुंपण नाही. पूर्णेच्या खोऱ्यातली खोल गाळाची जमीन अशा कामाला फार चांगली, कारण चुंबकी खडक खाली खोल गाडलेला असतो. राहिला त्रास विजेचा. पन्नास हर्ट्झच्या लाइनचा अडतिसावा हार्मोनिक बरोबर १,९०० वर येतो, आमच्या शिट्टीच्या मांडीला मांडी लावून. जवळच्या डीपीचा गुणगुणाट कॉइलमध्ये शिरला की दोन्ही आवाज वेगळे काढणं अवघड होतं. शेतीच्या फीडरची लाइन गेली की हाच गुणगुणाट एकदम खाली बसतो. वऱ्हाडात लाइन जाण्याची वाट पाहत बसलेली माणसं त्या रात्री बहुधा आम्हीच असू.

लाइन गेली. पोरानं बॅटरी जोडली, मोजून सोडली. खट्ट झालं आणि त्यामागून बारीक, स्वच्छ शिट्टी आली. ती सेकंद-दीड सेकंदात विरत गेली.

पण अशा वेळी आधी संशय घ्यावा लागतो. कपॅसिटर जोडलेली कॉइल झटका बसल्यावर स्वतःही वाजते. तिचा आवाज सेकंदाच्या शंभराव्या भागात संपतो, तरी मन गुंततं. म्हणून बाटलीतलं पाणी ओतून तोच प्रयोग केला: फक्त खट्ट. पाणी भरलं: खट्ट आणि शिट्टी. मग बाटलीजवळ लोखंडी पहार धरली: शिट्टी गेली. लाइनचा आवाज विरत नाही आणि पहारीला भीतही नाही. पाण्याशिवाय न येणारा, हळूहळू विरणारा आणि लोखंडानं मरणारा आवाज प्रोटॉनांचाच.

मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून स्पेक्ट्रम काढला. टोक १,८९० हर्ट्झवर होतं. भागाकार केला: १,८९० भागिले ०.०४२५७७, म्हणजे सुमारे ४४,३९० नॅनोटेस्ला. सिग्नल सेकंदभराचा असल्यामुळे एक-दोन हर्ट्झ इकडेतिकडे, म्हणजे पंचवीस-पन्नास नॅनोटेस्लाची अनिश्चितता धरावीच लागते. अकोटला क्षेत्र जेवढं असायला हवं, त्यात हा आकडा बसला.

त्यानंतर जे केलं, त्यासाठीच हा लेख लिहितो आहे. तोवर कॉइल आडवी, पूर्व-पश्चिम ठेवली होती. अकोटला पृथ्वीचं क्षेत्र उत्तरेकडे तोंड करून सुमारे तीस अंश जमिनीत उतरतं. त्यामुळे पूर्व-पश्चिम कॉइल क्षेत्राशी बरोबर काटकोनात असते, θ नव्वद अंश. आता त्या मुलीनं कॉइल उत्तर-दक्षिण आडवी केली. कोन तीस अंश झाला. शिट्टी आली, पण अगदी क्षीण. मग कॉइल उभी केली. कोन साठ अंश. शिट्टी पुन्हा जोरात. शेवटी कॉइलचं उत्तरेकडचं टोक तीस अंश खाली दाबून धरलं. कॉइल क्षेत्राच्या ओळीत आली. खट्ट झालं आणि पुढे शांतता.

हिशेब सोपा आहे. बाण कॉइलच्या अक्षावरून निघतो. क्षेत्राला काटकोनातला, म्हणजे फिरणारा, त्याचा भाग sin θ. त्या फिरणाऱ्या भागातला कॉइलला कळणारा वाटा आणखी एक sin θ. म्हणून आवाजाचा जोर sin²θ प्रमाणे बदलतो. नव्वद अंशाला पूर्ण, साठला पाऊण, तीसला पाव, शून्याला काही नाही. स्पेक्ट्रमवरच्या उंच्या साधारण याच प्रमाणात निघाल्या. आणि टोकाची जागा? तीनही वेळा तीच. पट्टी बदलली नाही, जोर बदलला.

शेवटच्या शांततेत तिच्या प्रश्नाचं उत्तर होतं. कॉइल क्षेत्राच्या ओळीत असतानाही प्रोटॉन तेवढेच रांगेत आले होते, त्यांची बेरीज तेवढीच मोठी होती. पण ती ऊर्जास्थितीच्या बाजूनं झुकलेली बेरीज होती, तिच्यात फेजांचं अंतर ठेवायला मिश्रण नव्हतं. म्हणून काही फिरलं नाही. पूर्व-पश्चिम कॉइलमध्ये प्रत्येक स्थितीत दोन्ही भाग होते. त्यांच्या फेजांतलं अंतर सेकंदाला १,८९० वेळा पूर्ण चक्र करत होतं आणि आम्ही ऐकत होतो तो त्याचाच आवाज. "म्हंजे सर, फिरते ते दोघींतलं अंतर," ती म्हणाली. फळ्यावरच्या माझ्या पाच ओळींपेक्षा हे वाक्य चांगलं आहे, म्हणून आता मी तेच वापरतो.

सरासरी कागदावरची वस्तू आहे का, याचाही निकाल तिथेच लागला. कॉइल एकेका प्रोटॉनला अडवून वर की खाली असं विचारत नाही. ती सगळ्यांच्या चुंबकत्वाची एकत्र बेरीज अनुभवते, आणि ती बेरीज म्हणजे γ⟨S_x⟩ गुणिले प्रोटॉनांची संख्या. कॉइलच्या तारेत व्होल्टेज उभं करणारी गोष्ट अपेक्षित मूल्यच होती.

हेच यंत्र घेऊन आम्ही पुढे पोपटखेडकडे, सातपुड्याच्या पायथ्याला गेलो. तिथे काळा बेसाल्ट वर आलेला आहे आणि त्यात लोहखनिजं आहेत. दोन-चार पावलांवर बाटली सरकवली की टोक वीस-वीस हर्ट्झनं सरकायचं आणि शिट्टी लवकर विरायची. भूगर्भ शोधणारी मंडळी याच सरकण्यावरून जमिनीखालची डाइक आणि खडकांच्या सीमा ओळखतात. आमच्यासाठी त्याचा अर्थ एवढाच होता की सूत्रातला B त्या जागेचा, त्या क्षणाचा B असतो.

बाटलीला एक गोष्ट मात्र कधीच सांगता येणार नाही. स्थितीत कोन अर्धा लिहिलेला असतो. बाणानं एक पूर्ण फेरी मारली की अपेक्षित मूल्यं जिथल्या तिथे येतात, पण स्थितीचं चिन्ह उलटं होतं. ते सुलटं व्हायला दोन फेऱ्या लागतात. अपेक्षित मूल्यात स्थिती दोनदा येते, म्हणून ते चिन्ह तिथे पुसलं जातं. ते पाहायचं तर न फिरलेला दुसरा भाग शेजारी ठेवून दोघांची तुलना करावी लागते. १९७५ साली न्यूट्रॉनची शलाका दोन वाटांनी नेऊन, एकाच वाटेवर क्षेत्र लावून हे करून दाखवण्यात आलं. वर्गात हे सांगताना मी आवर्जून म्हणतो की बाण म्हणजे स्थिती नव्हे. बाण हा स्थितीचा आपल्याला कॉइलमधून दिसणारा भाग.

हा भाग शिकवणाऱ्या मित्रांना एक विनंती आहे. सूत्र काढण्याआधी मुलांना कॉइल तीन दिशांना फिरवायला द्या. बाटली, तार, ट्रॅक्टरची बॅटरी, एक झेनर, साधा अॅम्प्लिफायर आणि लोखंडापासून दूरचं वावर एवढं पुरतं. जोर का बदलला आणि पट्टी का बदलली नाही, हे त्यांनी आधी विचारावं. मग फळ्यावर sin θ आणि ω लिहा. दोन्ही कुठून आले, हे परत सांगावं लागत नाही.